काकांनी चहाला पाठवलं

आज ऑफिसात नवा इंटर्न स्क्रीनसमोर घामाघूम झालेला पाहिला आणि माझे सुरुवातीचे दिवस आठवले.

तेव्हा एके दिवशी निफ्टी सकाळपासून 60 पॉइंटांच्या पट्ट्यात वरखाली करत होता. मी 20 पॉइंटांचा स्टॉपलॉस लावून तीन सौदे केले. तिन्ही वेळा स्टॉप उडाला, भाव परत मधे! 60 पॉइंट गेले, वर ब्रोकरेज आणि एसटीटी.

ऑफिसातले काका म्हणाले, "अरे, एवढी हालचाल तर नुसती धूळ आहे. पहिल्या तासाचा हाय-लो आख. 15 मिनिटांची कँडल त्याबाहेर बंद होईपर्यंत माऊसला हात लावू नकोस, चहाला जा."

(बाहेर बंद झालेली कँडलही कधी फसवते, बरं का.)

त्या दिवशी साडेतीनपर्यंत एकही कँडल बाहेर बंद झाली नाही. माझे चार चहा झाले.

पट्टा कसा आखायचा, काही शंका असेल तर विचारा.