व्हीएफडी सुरू करताच ईएलसीबी का पडतो?

या भागाचा विषय एका इलेक्ट्रिशियन मित्राच्या फोनवरून सुचला. इंदूरजवळच्या एका कारखान्यात साडेसात एचपीचा पाण्याचा पंप व्हीएफडीवर बसवला होता. मेन स्विच टाकला की सगळं ठीक, पण RUN दाबलं की तीस मिलिअँपियरचा ईएलसीबी खटकन पडायचा. (कागदोपत्री तो आरसीसीबी, पण साइटवर सगळे ईएलसीबीच म्हणतात.) मित्र म्हणाला, "सर, केबल आणि मोटर मेगरला एकदम चांगली आहे. मालक म्हणतात, ईएलसीबी काढूनच टाका." पंपाभोवती सतत ओल, आणि कामगार अनवाणी. म्हणून म्हटलं, थांबा, आधी मोजूया.

पहिली खूण ईएलसीबी कधी पडतो, ही. व्हीएफडीच्या आत इनपुटला फिल्टर असतो. त्यातले कपॅसिटर फेजपासून अर्थला जोडलेले असतात, त्यामुळे मोटर बंद असतानाही थोडा करंट अर्थमध्ये जातो. नुसता मेन स्विच टाकताच ईएलसीबी पडत असेल, तर आधी फिल्टरवर संशय घ्यावा. RUN दाबल्यावरच पडत असेल, तर नजर मोटरकडच्या केबलवर जायला हवी.

केबल चांगली असूनही करंट गळतो कसा? केबलची तार आणि तिचं आर्मर यांच्यामध्ये इन्सुलेशन असतं, म्हणजे तो एक लांबलचक कपॅसिटरच. इथे पंचाऐंशी मीटर आर्मर्ड केबल होती. दर किलोमीटरला प्रत्येक तारेचे साधारण ०.३ मायक्रोफॅरड धरले, तर तिन्ही तारांचे मिळून ०.०७५ च्या आसपास होतात. पन्नास हर्ट्झला हा कपॅसिटर सुमारे ४२,००० ओहमसारखा वागतो, आणि तीन फेज समतोल असल्याने बेरीजही जवळपास शून्य येते. पण व्हीएफडी तिन्ही तारांना एकत्रच सेकंदाला हजारो वेळा वर-खाली ढकलतो. आठ किलोहर्ट्झला तोच कपॅसिटर २६५ ओहमसारखा होतो. आणि मोटर हळू फिरत असताना हा धक्का सर्वांत मोठा असतो, म्हणून सुरुवातीलाच पडतो. मेगर डीसी व्होल्टेज देतो, त्याला यातलं काहीच दिसत नाही.

आता मोजणी. लीकेज क्लॅम्प मीटर ईएलसीबीच्या पुढे, तिन्ही फेज आणि न्यूट्रल असल्यास तोही, एकत्र घेऊन लावायचा. अर्थची तार त्यात घ्यायची नाही. मीटरला हाय फ्रिक्वेन्सी गाळण्याचं बटण असेल, तर चालू आणि बंद दोन्ही वेळा वाचन घ्यायचं. RUN केल्यावर ईएलसीबी पडतोच, म्हणून मोजणीपुरता पुरवठा तीनशे मिलिअँपियरच्या ईएलसीबीतून घेतला आणि पंपाजवळ कोणालाही उभं राहू दिलं नाही.

स्टँडबायला वाचन आलं आठ मिलिअँपियर, हा फिल्टरचा करंट. व्हीएफडीकडून केबल सोडून RUN केलं, तर नऊ. केबल जोडून आठ किलोहर्ट्झवर चालवलं, तर ६२. मीटरचं गाळणीचं बटण दाबलं की तेच दहा! म्हणजे बिघाड नव्हता, वाढलेला सगळा भाग हाय फ्रिक्वेन्सीचा होता. व्हीएफडीची स्विचिंग फ्रिक्वेन्सी दोनवर आणली, तेव्हा १९ आलं. मोटर थोडी किणकिणली, पण वाचन तिसऱ्या हिश्शाच्याही खाली उतरलं.

तरीही एवढ्यावर भागत नाही. तीस मिलिअँपियरचा ईएलसीबी पंधरापर्यंत पडता कामा नये आणि तीसला पडलाच पाहिजे, मधल्या पट्ट्यात तो कधीही पडू शकतो. एकोणीस त्याच पट्ट्यात येतात.

इथे एक सल्ला हमखास मिळतो: फिल्टरचा अर्थिंग स्क्रू काढा. त्याने स्टँडबायचं वाचन उतरतं, हे खरं. पण केबलमधून अर्थमध्ये गेलेला हाय फ्रिक्वेन्सी करंट बहुतेक याच फिल्टरमधून व्हीएफडीत परत येतो. ती वाट बंद केली, की तो पुरवठ्याच्या बाजूने, म्हणजे ईएलसीबीतूनच, परत येतो. आणि अर्थची तार सोडली तर पंपाची बॉडीच जिवंत होऊ शकते.

आम्ही शेवटी व्हीएफडीसाठी वेगळा, टाइप बी, तीनशे मिलिअँपियरचा ईएलसीबी दिला. तीन फेजच्या व्हीएफडीत बिघाड झाला, तर अर्थमध्ये सरळ डीसी करंट वाहू शकतो. तो साध्या टाइप एसी किंवा ए ईएलसीबीला ओळखता येत नाही, उलट त्यामुळे ते आंधळेही होऊ शकतात. सॉकेट आणि दिव्यांचा तीसचा ईएलसीबी तसाच ठेवला. पण तीनशेचा ईएलसीबी थेट स्पर्शापासून माणसाला वाचवत नाही. म्हणून मोटरची बॉडी आणि केबलचं आर्मर दोन्ही बाजूंना नीट अर्थ केलं, आणि व्हीएफडीपासून पॅनेलपर्यंत दहा स्क्वेअर एमएम तांब्याची अर्थ तार टाकली. सततचा लीकेज असलेल्या यंत्राची अर्थ तार तुटली, तर तोच करंट हात लावणाऱ्या माणसातून जाईल.

तेव्हा मंडळी, कोणी ईएलसीबी काढा म्हटलं, तर आधी तीन वाचनं घ्या: स्टँडबाय, केबल सोडून RUN, आणि केबल जोडून RUN. गाळणीचं बटण दाबूनही वाचन मोठंच राहिलं, तर मात्र खरा बिघाड शोधायला लागा.