रेघेवरून पाणी चालवताना : टाकी, पंप आणि व्हॉल्व्हचं ड्रॉइंग कसं वाचावं

कारखान्यात नव्याने रुजू झालेल्या प्रशिक्षणार्थीच्या हातात लवकरच एक ड्रॉइंग येतं. त्याला सगळे ‘पी अँड आयडी’ म्हणतात, म्हणजे पाइपिंग आणि इन्स्ट्रुमेंटेशनचं ड्रॉइंग. त्यात गोल आहेत, त्रिकोण आहेत, तुटक रेघा आहेत, आणि प्रत्येकाशेजारी इंग्रजी अक्षरं व आकडे. खुणांचा तक्ता पाठ करून हे ड्रॉइंग समजत नाही. ते समजतं पाण्यामागोमाग गेल्यावर. म्हणून कारखान्यातली सगळ्यांत साधी व्यवस्था घेऊ: पाणी साठवणारी एक टाकी, ते पुढे ढकलणारे दोन पंप आणि वाटेतले व्हॉल्व्ह.

आधी या कागदाची मर्यादा लक्षात घ्या. मुंबई लोकलच्या डब्यातल्या नकाशावर स्टेशनांचा क्रम बरोबर असतो, पण दोन स्टेशनांमधलं अंतर त्यावरून मोजता येत नाही. पी अँड आयडीचंही तसंच आहे. टाकी पंपापासून दोन मीटरवर आहे की दोनशे, हे तो सांगत नाही. पाणी आधी कशातून जातं आणि नंतर कशातून, मोजमाप कुठे होतं, हुकूम कोण देतो आणि बिघाड झाला तर काय व्हायला हवं, एवढंच तो सांगतो. यात क्रम सर्वांत महत्त्वाचा.

आपल्या ड्रॉइंगवर डावीकडे एक उभा आयत आहे, त्यावर `TK-101` लिहिलंय. ही टाकी. तिच्या माथ्याशी बाहेरून पाणी आणणारी जाड सलग रेघ येते. जाड सलग रेघ म्हणजे पाण्याचा मुख्य पाइप. वरच्या कडेजवळून निघणारी दुसरी रेघ ओव्हरफ्लोची. तिच्यावर व्हॉल्व्ह नाही, आणि तो नसणंच बरोबर आहे. ओव्हरफ्लो बंद करता आला, तर कधीतरी कुणीतरी तो बंद करेल. तळाशी ड्रेनची रेघ आहे आणि तिच्यावर काळा भरलेला व्हॉल्व्ह. अनेक ठिकाणी भरलेल्या खुणेचा अर्थ ‘एरवी बंद’ असा धरतात. काही कंपन्या भरण्याऐवजी शेजारी `NC` लिहितात.

व्हॉल्व्हची मूळ खूण म्हणजे टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण. एवढंच असेल तर तो गेट व्हॉल्व्ह: पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवायचा. मधोमध काळा ठिपका असेल तर ग्लोब व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी कमीजास्त करण्यासाठीचा. पोकळ वर्तुळ असेल तर बॉल व्हॉल्व्ह. त्रिकोणांच्या वर दांडा आणि त्याच्या डोक्यावर छत्रीसारखी अर्धगोल टोपी असेल, तर तो हाताने फिरवायचा नाही. तो हवेच्या दाबावर चालणारा कंट्रोल व्हॉल्व्ह. टाकीत येणाऱ्या पाइपवर असा एक आहे, त्याचं नाव `LV-101`.

ही अक्षरं मनाला येतील तशी दिलेली नसतात. अमेरिकेतली एक संस्था, जिला आज ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ ऑटोमेशन’ म्हणतात, तिने १९४९ साली या खुणांसाठी शिफारशी काढल्या. पुढे त्यांचंच `ISA-5.1` हे मानक झालं आणि आज ते जगभर वापरलं जातं. त्याचा नियम सोपा आहे. पहिलं अक्षर काय मोजतोय ते सांगतं: `L` पातळी, `P` दाब, `F` प्रवाह, `T` तापमान. पुढची अक्षरं त्या मोजमापाचं काय करायचं ते सांगतात: `I` दाखवा, `T` पुढे पाठवा, `C` नियंत्रण करा, `V` व्हॉल्व्ह. त्यामुळे `T` पहिल्या जागी तापमान असतं आणि नंतरच्या जागी ट्रान्समीटर. मागचा आकडा सारखा असेल तर ती सगळी उपकरणं एकाच साखळीतली.

आता टाकीशेजारची साखळी वाचा. तळाजवळ एक साधं वर्तुळ आहे, त्यात `LT-101`. आत आडवी रेघ नाही, म्हणजे हे उपकरण प्रत्यक्ष टाकीजवळ बसवलेलं आहे. त्यातून निघालेली तुटक रेघ ही विजेच्या संकेताची. ती जिथे पोचते तिथे चौकोनात वर्तुळ आहे, मध्ये आडवी रेघ आणि नाव `LIC-101`. हा कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसणारा नियंत्रक. तिथून दुसरी तुटक रेघ `LV-101` कडे जाते. पातळी मोजली, नियंत्रकाने ठरवलं, व्हॉल्व्ह हलला, हे सगळं शब्दाविना मांडलेलं आहे.

ही साखळी आकड्यांत पाहू. ट्रान्समीटर तळाशी पाण्याचा दाब मोजतो. एक मीटर पाण्याच्या उंचीमुळे सुमारे ९.८ किलोपास्कल दाब पडतो. टाकीत मोजायची पातळी ० ते ३ मीटर धरली, तर ० मीटरला ट्रान्समीटर ४ मिलीअँपिअर प्रवाह पाठवतो आणि ३ मीटरला २०. दीड मीटर पाणी असताना दाब सुमारे १४.७ किलोपास्कल आणि संकेत बरोबर मधला, १२ मिलीअँपिअर. सुरुवात शून्याऐवजी ४ पासून करण्यामागे कारण आहे. तार तुटली तर प्रवाह शून्यावर येतो. शून्याचा अर्थ ‘टाकी रिकामी’ असा असता, तर नियंत्रकाने येणारं पाणी पूर्ण सोडून दिलं असतं आणि टाकी भरून वाहिली असती. आता शून्य दिसलं की बिघाड ट्रान्समीटरच्या संकेतात आहे हे लगेच कळतं.

`LV-101` च्या खाली `FC` अशी दोन अक्षरं आहेत. व्हॉल्व्हला मिळणारी हवा गेली, तर स्प्रिंग त्याला बंद करेल, असा त्यांचा अर्थ. `FO` असतं तर व्हॉल्व्ह उघडला असता. आपल्याकडे हवा गेल्यावर टाकी ओसंडू नये म्हणून बंद होणं निवडलंय. हीच टाकी आग विझवण्याच्या पाण्याची असती, तर निवड उलट असू शकली असती. म्हणून ही दोन अक्षरं वाचल्याशिवाय कंट्रोल व्हॉल्व्ह वाचून झाला असं समजू नका.

टाकीवर आणखी एक वर्तुळ दिसतं: `LSLL-102`. हा पातळीचा स्विच. दोन `L` म्हणजे फारच खाली. पाणी तिथपर्यंत उतरलं की तो पंप थांबवतो, कारण कोरडा चाललेला पंप थोड्याच वेळात मेकॅनिकल सील जाळून बसतो. याचा आकडा वेगळा आहे आणि टाकीवरची जोडणीही वेगळी. `LT-101` ची नळी गाळाने तुंबून तो खोटी पातळी दाखवू लागला, तरी पंपाचा बचाव करणारा स्विच त्याच्या भरवशावर नाही.

टाकीतून निघालेली रेघ आता दोन फाट्यांत विभागते. दोन्ही फाट्यांवर पंप आहेत, `P-101A` आणि `P-101B`. एक चालतो, दुसरा तयार उभा असतो. गोलाच्या कडेला स्पर्श करून बाहेर जाणारी रेघ ही सेंट्रिफ्यूगल पंपाची खूण. प्रत्येक फाट्यावर क्रम एकच: गेट व्हॉल्व्ह, गाळणी, पंप, प्रेशर गेज, एनआरव्ही म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, आणि शेवटी डिस्चार्जचा गेट व्हॉल्व्ह. तिथून पुढे दोन्ही फाटे एका हेडरला मिळतात. एनआरव्हीची खूण कंपनीगणिक बरीच बदलते, म्हणून ड्रॉइंगसोबतचं खुणांचं पान आधी पाहा.

या क्रमाची किंमत बिघाडात कळते. समजा `A` चालू आहे, `B` उभा आहे, आणि `B` च्या एनआरव्हीत खडा अडकून तो नीट बसत नाहीये. रेघेवर बोट ठेवून पाणी चालवा. `A` मधून ते हेडरमध्ये जातं, तिथून `B` च्या उघड्या डिस्चार्ज व्हॉल्व्हमधून उलटं शिरतं, एनआरव्ही ओलांडतं, `B` पंपातून मागे जातं आणि परत टाकीत पडतं. `A` ची मोटर चालतेय, पण हेडरचं प्रेशर नेहमीपेक्षा कमी आहे आणि `B` चा शाफ्ट उलटा फिरतोय, ही त्याची लक्षणं. `B` चा डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद केल्यावर शाफ्ट थांबला आणि हेडरचं प्रेशर वर आलं, तर दोष त्या एनआरव्हीचा. उलट फिरणारा पंप मात्र तसाच सुरू करायचा नाही. मोटर आणि शाफ्ट दोन्हींवर जबर ताण येतो.

इथे डिस्चार्जऐवजी सक्शनचा व्हॉल्व्ह आधी बंद केला तर? एनआरव्हीतून पाणी येतच राहील आणि बाहेर पडायला वाट नसल्याने हेडरचं पूर्ण प्रेशर पंपाच्या सक्शन बाजूवर चढेल. ती बाजू बहुतेक वेळा तेवढ्या प्रेशरसाठी बनवलेली नसते. म्हणून `B` दुरुस्तीला काढताना मोटरची वीज तोडून कुलूप लावायचं, आधी डिस्चार्ज बंद करायचा, मग सक्शन, आणि त्यानंतर पंपाचा ड्रेन व व्हेंट उघडायचा. गेज शून्यावर यायला हवा आणि ड्रेनमधून येणारं पाणी थांबायला हवं. ते थांबत नसेल तर दोनपैकी एक व्हॉल्व्ह ‘पासिंग’ आहे. अशा वेळी नट सैल करायचा नाही. डिस्चार्ज व्हॉल्व्ह एनआरव्हीच्या पुढे का, याचंही उत्तर इथेच मिळतं: तो पुढे असल्यामुळे हेडर रिकामा न करता एनआरव्ही काढता येतो.

एवढं समजलं की ड्रॉइंग घेऊन प्रत्यक्ष लाइनवर जा. टाकीपासून हेडरपर्यंत चालत प्रत्येक वस्तू कागदावर शोधा आणि कागदावरची प्रत्येक वस्तू लाइनवर. कधीतरी मधल्या दुरुस्तीत कुणी जोडलेला एखादा बायपास सापडेल, जो ड्रॉइंगवर नाही. तो लाल पेन्सिलीने काढा, तारीख घाला आणि त्याच दिवशी सुपरवायझरकडे द्या. पुढच्या वेळी पंप दुरुस्तीला काढणारा माणूस त्याच कागदावर विसंबून नट सैल करणार असतो, आणि कागदावर नसलेला बायपास त्याला बंद करता येणार नाही.