मुख्य खातं रिकामं ठेवा

समजा, पुण्यातल्या एका कंपनीने एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडवर खातं उघडलं. तेव्हा प्रोग्रामर चार होते, एक खातं पुरलं. आज माणसं साठ झाली, खातं मात्र तेच. ग्राहकांचा खरा डेटाबेस आणि नवख्यांच्या चाचण्या एकाच यादीत दिसतात. चाचणीचा पसारा आवरताना कुणी यादीतली चुकीची ओळ निवडली, तर खरा डेटाबेसच जातो.

एडब्ल्यूएसमध्ये दोन खात्यांमधली भिंत पक्की असते. मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय एका खात्यातल्या माणसाचा हात दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून ग्राहकसेवेचं खातं वेगळं, चाचणीचं वेगळं, आणि कोणी काय केलं याच्या नोंदी तिसऱ्याच खात्यात, अशी मांडणी करतात. सगळ्यांच्या वर एक मुख्य खातं असतं. बिल तिथे एकत्र येतं. नवं खातं उघडलं की लॉगिन, नोंदी आणि सुरक्षेचे नियम त्याला आपोआप लागू होतात. या तयार मांडणीला लँडिंग झोन म्हणतात.

नियमांपैकी जे चुकीचं काम होऊच देत नाहीत, ते खात्यांच्या गटाला वरून लावलेले असतात. हे गार्डरेल. त्यांनी कुणाला अधिकार मिळत नाहीत. फक्त मर्यादा पडते. ती त्या खात्याच्या ॲडमिनलाही ओलांडता येत नाही.

आपल्या कंपनीने ठरवलं, की काम फक्त मुंबई आणि हैदराबादच्या केंद्रांत चालेल. बाकी सगळीकडे बंदी. नियम लागला आणि दुसऱ्याच मिनिटाला नवे वापरकर्ते तयार होईनात. स्क्रीनवर `AccessDenied` आणि पुढे `explicit deny in a service control policy`. कारण असं, की वापरकर्ते आणि त्यांचे अधिकार सांभाळणारी सेवा जगभर एकच आहे आणि तिचा कारभार अमेरिकेतल्या `us-east-1` मधून चालतो. अशा जागतिक सेवा नियमातून वगळाव्याच लागतात.

दुसरी अडचण उशिरा कळते. सिंगापुरात कुणी आधीच सर्व्हर चालू ठेवला असेल, तर नियमाने तो बंद पडत नाही. उलट त्याला बंद करण्याची आज्ञाही नियम अडवतो, आणि बिल येतच राहतं. म्हणून आधी झाडलोट, मग नियम; तोही आधी चाचणीच्या गटावर, नंतर बाकीच्यांवर.

एवढं करूनही एक जागा उघडी राहते. हे नियम मुख्य खात्याला लागू होत नाहीत. जुन्या सवयीने कंपनीचे सर्व्हर तिथेच राहिले असतील, तर ते कुंपणाबाहेर आहेत. मुख्य खात्यात एकही सर्व्हर नको, आणि त्याच्या चाव्या दोघा-तिघांकडेच असाव्यात. कंपनीची मांडणी तपासायची असेल, तर सगळ्यात आधी तेच खातं उघडून बघावं.