साठ सेंटिमीटरची साक्ष

बंगला असो वा सात मजली इमारत, पायाचे काम सुरू होण्याआधी साइटवर एक प्रश्न हमखास विचारला जातो : "एसबीसी किती आला?" म्हणजे इथली जमीन दर चौरस मीटरला किती टन भार सुरक्षितपणे पेलेल? उत्तर मिळवण्याची एक जुनी, सरळ रीत म्हणजे प्लेट लोड टेस्ट. जमिनीवर प्रत्यक्ष भार टाकायचा आणि ती किती खचते ते मोजायचे. डोळ्यांसमोर होणारी चाचणी असल्याने मालकाचाही तिच्यावर चटकन विश्वास बसतो. चाचणी खोटे बोलत नाही, पण तिला विचारलेल्या प्रश्नापेक्षा मोठे उत्तर आपण तिच्या तोंडी घालतो.

आपल्याकडे ही चाचणी 'आयएस १८८८' या भारतीय मानकाप्रमाणे होते. पाया ज्या पातळीवर बसणार तिथपर्यंत खड्डा खणतात. खड्ड्याची रुंदी प्लेटच्या किमान पाचपट हवी, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या प्लेटला दीड मीटर. तळ सपाट करून, लागल्यास बारीक वाळूचा पातळ थर देऊन त्यावर किमान २५ मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट बसवतात. वर गर्डरच्या मांडवावर वाळूच्या गोण्या रचलेल्या असतात. त्या वजनाला टेकून हायड्रॉलिक जॅक प्लेटला खाली दाबतो. आधी साठेक किलोचा हलका भार देऊन काढून घेतात, म्हणजे प्लेट नीट बसते. मग टप्प्याटप्प्याने भार वाढवायचा. दर टप्प्याला १, २.२५, ४, ६.२५, ९, १६, २५ मिनिटांनी आणि पुढे तासातासाने डायल गेज वाचायचे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत वाचणारी ही गेजे एका स्वतंत्र आडव्या पट्टीवर लावलेली असतात. तिचे टेकू प्लेटच्या किंवा गोण्यांच्या ओझ्याच्या फार जवळ आले, तर जमिनीबरोबर पट्टीही खाली जाते आणि खचणे कमी दिसते. आकडे संशयास्पदरीत्या छान आले, तर आधी हे टेकू कुठे होते ते पाहावे.

आता मुख्य मुद्दा. चौकोनी प्लेटवर टाकलेला भार खाली पसरत जातो आणि रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीवर त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. त्याखालच्या मातीला त्या भाराची फारशी दखल घ्यावी लागत नाही. म्हणजे ३० सेंटिमीटरची प्लेट फक्त वरच्या ६० सेंटिमीटर मातीची परीक्षा घेते. दोन मीटर रुंदीच्या फूटिंगचा भार मात्र तितक्याच तीव्रतेने चार मीटर खोल पोचतो. दर चौरस मीटरला भार तोच, पण दोघांनी चाचपलेली माती वेगळी.

प्लेटवरून फूटिंगचे खचणे काढायला सूत्रे आहेत. चिकणमातीत खचणे रुंदीच्या प्रमाणात वाढते असे धरतात. ३० सेंटिमीटरवरून दोन मीटरवर जाताना ते ६.६७ पट होते. वाळूत खोलीबरोबर माती वरच्या दाबाने आवळली जाऊन ताठ होत जाते, म्हणून वाढ कमी असते. टेरझागी आणि पेक यांनी १९४८ साली मांडलेल्या सूत्राने ती इथे सुमारे तिप्पट येते आणि फूटिंग कितीही मोठे केले तरी चौपटीपलीकडे जात नाही. म्हणजे फूटिंग २५ मिलिमीटरच खचावे असे ठरवले, तर वाळूत प्लेटला सुमारे ८ मिलिमीटरची मुभा मिळते आणि चिकणमातीत पावणेचारच. चुकीचे सूत्र लावले तर उत्तर दुपटीहून जास्त चुकते. शिवाय दोन्ही सूत्रांत एक गोष्ट गृहीत आहे : खाली चार मीटरपर्यंत माती एकाच जातीची आहे.

ती तशी नसेल तर काय होते, हे हिशेबाने पाहू. ठाणे, वसई, नवी मुंबईच्या खाडीकाठी जुन्या चिखलावर मुरमाचा भराव टाकलेल्या जागा पुष्कळ आहेत. समजा, अशा जागी पायाच्या तळाखाली एक मीटर चांगला दाबलेला मुरूम आहे आणि त्याखाली दोन मीटर मऊ चिखल. फूटिंग दोन मीटर चौरस, भार चौरस मीटरला १५ टन, म्हणजे खांबावर ६० टन. तेवढीच तीव्रता प्लेटवर आणायला अवघे १.३५ टन पुरतात. त्या भाराला प्लेट ४ मिलिमीटर खचली. मुरूम वाळूसारखा धरून तिप्पट केले की १२ मिलिमीटर. अहवालात शेरा पडतो : १५ टन सुरक्षित.

भार दर दोन मीटर खोलीला दोन्ही बाजूंना मिळून दोन मीटर पसरतो, अशी ढोबळ रीत वापरून आता खाली उतरू. एक मीटरवर, चिखलाच्या माथ्यापाशी, प्लेटच्या १५ टनांतले जेमतेम ०.८ टन उरतात. चिखलाला प्लेट आली-गेली हेही कळत नाही. फूटिंगखाली मात्र तिथेच ६.७ टन पोचतात आणि थराच्या मध्यावर पावणेचार. इतक्या भाराने मऊ चिखल आपल्या जाडीच्या दोन टक्के दबला, तरी दोन मीटरला ४० मिलिमीटर झाले. मुरमाचे खचणे वेगळेच. बारा मिलिमीटरच्या भरवशावरचा पाया प्रत्यक्षात त्याच्या तिप्पट-चौपट खाली जातो. शेजारच्या खांबाखाली चिखल पातळ असेल, तर दोन्ही खांब सारखे खचत नाहीत आणि भिंतीला तिरके तडे जातात.

इथे प्लेटच्या आवाक्याबाहेरची आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे वेळ. चिखल दबतो तो त्यातले पाणी निघून जाईल तसतसा, आणि ते झिरपायला महिने, कधी वर्षे लागतात. चाचणी एक-दोन दिवसांत आटोपते. त्यामुळे प्लेट थेट चिखलावर ठेवली तरी दीर्घकाळ चालणारे हे खचणे तिला दिसत नाही. मातीचा अखंड नमुना प्रयोगशाळेत नेऊन त्याची कन्सॉलिडेशन चाचणी केली, तरच ते कळते.

ऋतूचाही प्रश्न आहे. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती दगडासारखी कडक असते. त्या दिवसांतली चाचणी उत्तम आकडा देईल, पण जुलैत तीच माती भिजून मऊ होते, फुगते आणि पायाला वर उचलते. फुगण्याबद्दल तर ही चाचणी अवाक्षरही काढत नाही. वाळूतही भूजल वर चढले की खचणे वाढते.

मग ही चाचणी निरुपयोगी का? मुळीच नाही. दाबलेल्या मुरमाचा थर नीट बसला की नाही हे तपासायला, किंवा खालपर्यंत एकजिनसी आणि खोलीबरोबर घट्ट होत जाणाऱ्या जमिनीत ती चांगली साथ देते. फक्त तिच्या जोडीला बोअर हवे. पायाच्या तळाखाली निदान त्याच्या रुंदीच्या दीड ते दुप्पट खोलीपर्यंत माती पाहिलेली हवी. फूटिंगे जवळजवळ असतील किंवा सलग राफ्ट असेल, तर एका फूटिंगची नव्हे, सगळ्या पायाची रुंदी धरायची.

म्हणून अहवाल हाती आला की फक्त एसबीसीचा आकडा पाहू नका. प्लेट केवढी होती, फूटिंग केवढे आहे, चाचणी कोणत्या महिन्यात झाली आणि फूटिंगच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत कोणती माती सापडली, हे चार प्रश्न अभियंत्याला विचारा. चौथ्याचे उत्तर नसेल, तर बोअर झाल्याशिवाय पाया भरू देऊ नका.