व्यवहारातले लेखन : भाग ९
प्रस्तावासोबतचा मेल

प्रस्तावाच्या स्लाइड्स कशा रचाव्यात ते गेल्या आठवड्यात पाहिले. आता त्या पाठवायच्या आहेत. सोबतच्या मेलमध्ये बहुतेक जण ‘सोबत प्रेझेंटेशन जोडले आहे, कृपया पाहावे आणि कळवावे’ एवढेच लिहितात. काय पाहावे, काय कळवावे आणि कधीपर्यंत, हे ग्राहकाने स्वतःच ठरवायचे. मग तो ते काम उद्यावर ढकलतो.

एक उदाहरण कल्पू. पुण्यातल्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या गच्चीवर २५ किलोवॅटचा सौर प्रकल्प बसवण्याचा प्रस्ताव तुम्ही देत आहात. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालतील. मेल सचिवांना जाणार आहे. लिहायला बसण्यापूर्वी एकच गोष्ट शोधा: या माणसाच्या हातात नेमका कोणता निर्णय आहे? साडेतेरा लाखांचा खर्च सचिव एकटे मंजूर करू शकत नाहीत. कमिटी तो सर्वसाधारण सभेपुढे ठेवेल आणि सभासद ठरवतील. म्हणजे ‘प्रस्ताव मंजूर करावा’ अशी विनंती सचिवांना करणे व्यर्थ. विषय सभेपुढे न्यायचा का, हे मात्र कमिटी ठरवू शकते. तेवढेच मागा.

तारीखही तिथूनच निघते. वार्षिक सभा २० सप्टेंबरला आहे आणि तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. सूचनेचा आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत, म्हणजे विषयपत्रिका ५ सप्टेंबरपर्यंत निघायला हवी. कमिटीची त्याआधीची बैठक ३० ऑगस्टला. ‘लवकरात लवकर कळवावे’ हे कुणालाच बांधून ठेवत नाही. ही तारीख मात्र सोसायटीच्याच वेळापत्रकातली असल्याने सचिवांना ती लादलेली वाटत नाही.

आता मेल:

विषय: सौर प्रकल्प, २५ किलोवॅट – ३० ऑगस्टच्या बैठकीत निर्णय हवा

मा. सचिव,
सप्रेम नमस्कार.

हा प्रस्ताव २० सप्टेंबरच्या वार्षिक सभेपुढे ठेवायचा का, एवढाच निर्णय कमिटीने ३० ऑगस्टला घ्यावा, ही विनंती. खर्चाची मंजुरी आत्ता नको आहे.

सोबत १४ स्लाइड्सचे प्रेझेंटेशन (पीडीएफ) आणि खर्चाचे एक पानी पत्रक आहे. वेळ कमी असल्यास स्लाइड ४ (गच्चीवरील जागा व सावली) आणि स्लाइड ९ (खर्च) पाहाव्यात.

जीएसटीसह एकूण खर्च १३,५०,००० रुपये. केंद्राच्या योजनेतून अपेक्षित अनुदान ४,५०,००० रुपये. ते प्रकल्प सुरू झाल्यावर सोसायटीच्या खात्यात जमा होते, म्हणून आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागेल. गच्चीचे वॉटरप्रूफिंग यात धरलेले नाही. दर ३० सप्टेंबरपर्यंत कायम राहतील.

बैठकीत प्रश्न निघाल्यास मी फोनवर उपलब्ध आहे.

मेल एवढाच. यातला अनुदानाचा परिच्छेद मला सर्वांत मोलाचा वाटतो. पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, त्यावरून साडेचार लाखांचा आकडा आला. विक्रेत्याला ‘फक्त ९ लाखांत’ असे लिहिण्याचा मोह होतो. सभासद ९ लाखांची तयारी करतात आणि काम सुरू करताना साडेतेरा लाखांची मागणी पुढे येते. तिथे विश्वास तुटतो, आणि तो पुन्हा जोडणे फार अवघड असते. वॉटरप्रूफिंगचे वाक्यही त्याचसाठी. जे प्रस्तावात नाही ते स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरात न ठेवता मेलमध्ये उघड लिहावे.

हा मेल सचिवांपाशी थांबणार नाही. ते तो खजिनदारांना आणि कमिटीच्या गटावर पुढे पाठवतील. तुमच्या सादरीकरणाला न आलेला माणूस तो मोबाइलवर वाचेल. म्हणून ‘परवा बोललो त्याप्रमाणे’ असे लिहू नका, आणि फाइल पीडीएफच ठेवा. मूळ पीपीटी दुसऱ्या यंत्रावर उघडली की मराठी फॉन्ट बिघडू शकतो, शिवाय स्लाइडखाली स्वतःसाठी लिहिलेल्या टिपा ग्राहकापर्यंत जातात. फाइलचा आकारही पाहा. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण जोडताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे २० एमबीची फाइलही अडकू शकते. गच्चीचे फोटो लहान करा. ड्राइव्हची लिंक दिलीच, तर ती दुसऱ्या खात्यातून उघडून पाहा. परवानगी न दिलेली लिंक ही नेहमीची चूक आहे.

मेल नीट झाला की नाही, हे उत्तरावरून कळते. ‘मिळाले, बघून कळवतो’ असे आले, तर निर्णयाची ओळ त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नाही. फोन करून तीच ओळ तोंडी सांगा. ‘३० तारखेला विषय घेतो, पण पॅनेल बसवल्यावर गच्ची वापरता येईल का?’ असे आले, तर मेलने काम केले. त्या प्रश्नाचे उत्तर त्याच मेलखाली द्या. त्यासाठी स्लाइड बदलावी लागली, तर नव्या फाइलच्या नावात तारीख घाला आणि कोणती स्लाइड बदलली ते पहिल्याच ओळीत लिहा, म्हणजे बैठकीत दोघांच्या हातात दोन वेगळे आकडे येणार नाहीत.