६२५ मधले १२५

औषधाच्या दुकानात ‘सिक्स ट्वेंटी फाइव्ह’ म्हणून जी गोळी मागितली जाते, तिच्यात ॲमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम असतं. उरलेले १२५ मिलिग्रॅम म्हणजे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. ते स्वतः जंतू मारत नाही म्हटलं तरी चालेल. मग ते घातलंय कशाला?

पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन कुळातल्या प्रत्येक औषधात चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं, बीटा-लॅक्टम. पेशीभित्तिका विणणाऱ्या जंतूच्या विकराला ते चिकटून बसतं, भिंत अपुरी राहते आणि जंतू फुटतो. यावर जंतूंचा उतारा म्हणजे बीटा-लॅक्टमेज, हे कडंच तोडणारं विकर. अब्राहम आणि चेन यांनी ते १९४० मध्येच नोंदवलं होतं, पेनिसिलिन सर्रास वापरात येण्याआधी. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडमध्येही असंच कडं आहे. विकर ते तोडायला जातं आणि तिथेच कायमचं अडकतं. ॲमॉक्सिसिलिन मोकळं राहतं.

पण विकरच नसेल तर हे १२५ वाया जातात. घशाला सूज आणणारा स्ट्रेप्टोकोकस बीटा-लॅक्टमेज बनवत नाही. त्याला साधं पेनिसिलिन पुरतं, जास्तीच्या १२५ने जुलाब मात्र होऊ शकतात. पेनिसिलिनला न जुमानणारा न्यूमोकोकस आणि एमआरएसए यांनी तर भिंत विणणारं विकरच असं बदललंय, की औषध त्याला नीट चिकटतच नाही. तिथेही क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचा उपयोग होत नाही.

आता लघवीच्या कल्चरचा एक अहवाल घेऊ. ई. कोलाय वाढलाय, सेफ्ट्रिॲक्सोनसमोर ‘आर’ आहे. हे तिसऱ्या पिढीचं औषध, तेव्हा चौथ्या पिढीचं द्या, असं सुचवणारे भेटतात. पिढी म्हणजे ताकदीची पायरी नव्हे. स्टॅफिलोकोकसवर पहिल्या पिढीचं सेफॅझोलिन तिसऱ्या पिढीच्या सेफ्टाझिडिमपेक्षा कितीतरी सरस आहे.

प्रयोगशाळा अशा वेळी दोन चकत्या ठेवते : एक सेफ्टाझिडिमची, दुसरी सेफ्टाझिडिम आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची. समजा, पहिलीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ १४ मिलिमीटरचं आलं, दुसरीभोवती २२चं. फरक ५ किंवा अधिक असला की निदान ‘ईएसबीएल’, म्हणजे तिसऱ्या पिढीलाही तोडणारं विकर.

बशीत अडवणारा जोडीदार सापडला म्हणून शरीरातही तो पुरेल, हा तर्क मात्र धोक्याचा आहे. सेफ्ट्रिॲक्सोनला न जुमानणारे ई. कोलाय आणि क्लेब्सिएला रक्तात पोचलेल्या रुग्णांवरची ‘मेरिनो’ चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. पिपरासिलिन आणि त्याचा असाच अडवणारा जोडीदार टॅझोबॅक्टम घेणाऱ्यांपैकी ३० दिवसांत १२.३ टक्के दगावले, मेरोपेनेमवरचे ३.७ टक्के. म्हणून रक्तातल्या गंभीर संसर्गाला मेरोपेनेम.

फक्त मूत्राशयापुरता संसर्ग असेल तर ते लागत नाही. त्याच अहवालात नायट्रोफ्युरँटॉइनसमोर ‘एस’ असेल, मूत्रपिंडं ठीक असतील, तर बहुतेकदा ती गोळी पुरते.