शेवटचा माथा नेमका कोणता?

ऑक्टोबर २०२१ मध्ये निफ्टीने १८,६०४ चा तेव्हाचा विक्रमी माथा गाठला आणि तिथून तो उतरू लागला. जानेवारीतला माथा १८,३५० च्या आसपास थांबला, एप्रिल २०२२ मधला १८,११४ च्या. तळही खाली सरकत होते: डिसेंबरमध्ये १६,४१०, मार्चमध्ये १५,६७१ आणि १७ जूनला १५,१८३. आलेख वाचणारे याला ‘लोअर हाय, लोअर लो’ म्हणतात. चढत्या बाजारात याच्या उलट माथे आणि तळ दोन्ही वर सरकतात.

या उतरणीत आधीचा तळ तुटला की तो ‘ब्रेक ऑफ स्ट्रक्चर’, म्हणजे घसरण सुरूच असल्याची खूण. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला, त्या दिवशी निफ्टी १६,२४८ ला बंद झाला आणि डिसेंबरचा तळ मोडला. मी बंद भावच धरते. दिवसभरात भाव क्षणभर तळाखाली जाऊन परत वर येतो, तेव्हा बऱ्याचदा तिथे लावलेले स्टॉप लॉस तेवढे उडतात आणि रचना शाबूत राहते.

घसरणीतला शेवटचा माथा ओलांडला की ‘चेंज ऑफ कॅरॅक्टर’: बाजाराने स्वभाव बदलल्याची पहिली खूण. खरी अडचण इथेच येते, कारण शेवटचा माथा कोणता हे आलेख सांगत नाही, ते आपण ठरवतो.

जूनच्या तळाआधी एक छोटा माथा १६,८०० च्या थोडा खाली झाला होता. तो धरला, तर जुलैअखेरीस १६,९३० च्या बंद भावाने बदल दिसला. एप्रिलचा मोठा माथा धरला, तर सप्टेंबरमध्ये निफ्टी १८,०९६ पर्यंत जाऊन मागे फिरला आणि बदल १ नोव्हेंबरला, १८,१४५ वर बंद झाल्यावर मानता आला. तोवर तळापासून जवळपास तीन हजार अंकांची चढण होऊन गेली होती.

मग छोटाच माथा का धरू नये? मार्च २०२२ मध्येही १६,८०० च्या आसपासचा असाच छोटा माथा ओलांडला गेला होता. भाव १८,११४ पर्यंत चढला आणि तीन महिन्यांत १५,१८३ वर आला. छोटी वळणे लवकर सांगतात, पण अधूनमधून चुकीचेही सांगतात. मोठी वळणे उशिरा बोलतात. म्हणून व्यवहार दिवसांचा की महिन्यांचा हे आधी ठरवावे, मगच माथा निवडावा. भाव पाहून नंतर माथा बदलला, तर प्रत्येक आलेख आपल्याच बाजूने बोलू लागतो.

डिसेंबर २०२२ मध्ये १८,८८७ चा नवा माथा झाला. मार्च २०२३ ची घसरण १६,८२८ ला थांबली, म्हणजे सप्टेंबरअखेरच्या १६,७४७ च्या तळापेक्षा किंचित वर. चढती रचना ऐंशी अंकांनी टिकली. जूनअखेरीस १८,८८७ मागे पडले, ब्रेक ऑफ स्ट्रक्चर यावेळी वरच्या दिशेने झाला आणि निफ्टी पहिल्यांदा १९,००० च्या पलीकडे गेला.